बंक बेडचे बोल्ट आवळले तरी परत ढिले का होतात?

प्रश्न: पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. मागच्या ऑगस्टमध्ये मुलांसाठी लाकडी बंक बेड घेतला, दुकानाचा माणूस येऊन जोडून गेला. आता वरचा मुलगा कुशीवर वळला तरी कर्रकर्र वाजतो, शिडी पण हलते. दोनदा बोल्ट आवळले, महिन्याभरात परत तेच. गादी पण जाड घेतली, आता वरचा कठडा कमी वाटतो, किती उंच हवा? आणि बोल्टला थ्रेडलॉकर किंवा गम लावू का?

उत्तर:

गम नको, थ्रेडलॉकर पण आत्ता नको. आधी बोल्ट खरंच फिरून ढिला होतोय का ते बघा, कारण माझा अंदाज असा की बोल्ट जिथल्या तिथेच आहे आणि लाकूड बारीक झालंय. दोन्हीला आपण "ढिला झाला" एवढंच म्हणतो, पण इलाज अगदी वेगळे.

मी म्हापशाला फर्निचर जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, वडील सुतार, त्यामुळे लहानपणापासून लाकडातच. बंक बेडची तक्रार साधारण दिवाळीनंतर सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत फोन येत राहतात, पावसात जवळजवळ कोणाचा येत नाही. तुमचा बेड ऑगस्टमध्ये जोडला म्हणताय तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं.

बोल्ट फिरतोय की नाही हे ओळखायला घरातली नेलपॉलिश घ्या. बोल्ट नीट आवळा आणि त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लाकडावर जाईल अशी एक बारीक रेघ ओढा, सगळ्या बोल्टना. महिन्याने आवाज परत सुरू झाला की रेघ बघा. डोक्यावरची रेघ आणि लाकडावरची रेघ एकमेकांपासून सरकली असेल तर बोल्ट फिरला. रेघ सरळच आहे, पण खांब आणि आडव्या फळीच्या सांध्यात लाइट बिलाचा कागद सहज आत जातो, तर बोल्ट हललेला नाही, मधलं लाकूड आकसलंय. लाकडी बेडच्या कोपऱ्यांवर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुसरं निघतं, पहिलं निघतं ते शिडीला.

हे होतं कसं ते एका केसवरून सांगतो, यात चूक माझीच होती. वास्कोला खाडीच्या बाजूला एक घर, दोन मुलगे, थोरला नऊ वर्षांचा. रबरवुडचा बेड, ६० मिलिमीटरचे चौकोनी खांब, खांबातून आरपार जाऊन आडव्या फळीच्या टोकात शिरणारे एम ६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे, १०० मिलिमीटर लांब बोल्ट, आणि फळीच्या आत बॅरल नट, म्हणजे तो छोटा गोल दंडगोल असतो ना आडव्या भोकात बसवलेला, तो. मी तो जुलैत जोडला, बाहेर धो धो पाऊस, संध्याकाळी अजून एक काम होतं म्हणून घाईत इम्पॅक्ट ड्रायव्हरने टर्रर्र करून सगळे बोल्ट ठोकून बसवले. एकदम दगडासारखा बेड, वरती मी स्वतः बसून दाखवलं. जानेवारीत वहिनींचा फोन, "मेस्ता, तुमचा बेड रात्री रडतो".

आता हिशोब बघा. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की घरातल्या लाकडात साधारण १६-१७ टक्के ओलावा असतो, जानेवारीत तो १२ च्या आसपास येतो, एसी चालणाऱ्या खोलीत अजून खाली. ओलावा चार-पाच टक्के उतरला की लाकूड त्याच्या रेषांना आडव्या दिशेने साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे ६० मिलिमीटरचा खांब अर्ध्या मिलिमीटरच्या वर बारीक होतो. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही, म्हणून फळीची लांबी तीच राहते, आणि लोखंडी बोल्टला तर ओलाव्याचं काहीच नाही. एम ६ बोल्टचे आटे एक मिलिमीटरला एक, म्हणजे पूर्ण एक फेरा मारला की बोल्ट एक मिलिमीटर पुढे जातो. त्यामुळे बोल्ट अजिबात न फिरता, फक्त हवा कोरडी झाली म्हणून, अर्ध्या फेऱ्याहून जास्त ढिलाई आपोआप तयार होते. तुम्ही आवळलं तेव्हा लाकूड अजून वाळतच होतं, म्हणून महिन्याने परत वाजलं, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आणि जे मी केलं त्याचा तोटा वेगळाच. लाकूड फुगलेलं असताना जोर लावून आवळलं की बोल्टच्या डोक्याखालचं लाकूड दबतं, त्याचे तंतू चिरडतात आणि चिरडलेले तंतू परत उभे राहत नाहीत. मग कोरड्या दिवसांत ते आकसलेलं आणि वर दबलेलं असं दोन्ही होऊन फट अजून मोठी. माणूस वैतागून जानेवारीत परत जीव खाऊन आवळतो, पुढच्या पावसात लाकूड फुगायला बघतं पण बोल्ट जागा देत नाही, परत चिरडतं, आणि पुढच्या जानेवारीला अजून ढिलं. जोराने आवळलेला बेड दरवर्षी थोडा जास्त ढिला होत जातो तो असा. ड्रिल मशीन आणि इम्पॅक्ट या कामातून बाहेरच ठेवा, एल आकाराची एलन की बेडबरोबर येते ती पुरे. आखूड टोक बोल्टमध्ये, लांब टोक बोटांत, डोकं टेकल्यावर पाव फेरा, बस्स. हाताच्या तळव्याने दाबायला लागलं म्हणजे जास्त झालं.

थ्रेडलॉकर नको का म्हटलं ते पण यातूनच. तो बोल्टला फिरू देत नाही, पण इथे बोल्ट फिरतच नाहीये, आणि वर्षातून दोनदा थोडा फिरवायचा तर आहे. निळा असेल तर निदान उघडतो, लाल लावला तर बॅरल नट सकट भोक खराब करून काढायला लागेल. गम तर सांध्यात घालूच नका, उद्या घर बदलायचं तर बेड दारातून कसा नेणार.

त्याऐवजी बोल्टच्या डोक्याखाली रुंद वायसर घाला. साधा एम ६ वायसर १२ मिलिमीटर व्यासाचा, त्याचा उपयोग कमी, १८ मिलिमीटरचा रुंद मिळतो, हार्डवेअरच्या दुकानात "मोठा वायसर" म्हणून मागितला तरी देतात. जोर जास्त लाकडावर पसरतो, तंतू चिरडत नाहीत. स्प्रिंग वायसर विकायला बघतील, लाकडात त्याचा काही फायदा नाही, तो लाकडात रुततो आणि तिथेच सपाट होऊन बसतो.

वास्कोला परत गेलो तेव्हा अजून एक गोष्ट सापडली जी मी नंतर बऱ्याच बेडमध्ये पाहिली. एका कोपऱ्याचा बोल्ट आवळला तर कडक लागला, एकदम थांबला, पण सांध्यात कागद जातच होता. बाहेरून वाटतं झालं टाइट, आणि बेड हलतोच. मी बोल्ट बाहेर काढला, वहिनींच्या खराट्यातली एक हीर घेतली, भोकात शेवटपर्यंत घातली, तोंडाशी नखाने खूण केली आणि बोल्टशेजारी ठेवली. बोल्ट हिरीपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर लांब निघाला. म्हणजे बोल्टचं टोक आत भोकाच्या बुडाला टेकत होतं, डोकं खांबाला दाबायच्या आधीच. जोडला तेव्हा भोक कसंबसं पुरत होतं, नंतर खांब आकसला, डोकं लाकडात थोडं रुतलं आणि ती जागा संपली. कधी कधी तर भोकात फक्त भुसा साठलेला असतो, बेड उलटा करून ठोकला की निघतो. इथे भुसा नव्हता, मी ६ मिलिमीटरच्या ड्रिल बिटने भोक अजून पाच मिलिमीटर खोल केलं आणि वायसर घातला. ड्रिल नसेल तर वायसर एकच सोडून दोन घाला, एक वायसर साधारण दीड मिलिमीटर जाड असतो, तेवढ्याने टोक मागे येतं.

तुम्ही दोनदा आवळून पण तेच होतंय तर प्रत्येक कोपऱ्यात ही कागदाची परीक्षा कराच. बोल्ट नुसता फिरतच राहिला, कधीच कडक होत नाही, तर बॅरल नटचे आटे गेलेत किंवा तो आत वाकडा झालाय. त्याच्या तोंडावर स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच असते, ती खाच बोल्टच्या दिशेला सरळ हवी. आटे गेले असतील तर नट नवीनच घाला, स्वस्त आहे, व्यास आणि लांबी जुन्याची मोजून न्या.

आवळायची पद्धत पण सांगतो. गादी काढा, मुलांना खाली उतरवा, बेड भिंतीपासून हातभर ओढा नाहीतर भिंतीकडचे बोल्ट तसेच राहतात (तेच नेहमी राहतात, आणि मग आवाज नेमका तिथूनच). आधी सगळे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, मग हाताने सगळे टेकवा, वरच्या चौकटीचे दोन तिरके कर्ण टेपने मोजा, दोन्ही सारखे यायला हवेत, पाच मिलिमीटरच्या आत फरक चालेल. मग प्रत्येकाला थोडं थोडं, समोरासमोरच्या कोपऱ्यांनी. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला की चौकट वाकडी होते आणि बाकीचे बोल्ट ती सरळ ओढायला बघतात, ते मग लवकर ढिले पडतात.

आता शिडी. शिडी हलते म्हणता तर आधी ती लावलीय कशी ते बघा. नुसते लोखंडी हुक वरच्या फळीत अडकवलेले असतील तर ती मूल वर जाताना उडू शकते, तिला बोल्ट हवाच. पण जास्त वेळा मला दिसतं ते म्हणजे शिडीच्या उभ्या पट्ट्यांना दीड इंची साधे लाकडी स्क्रू, आणि त्यांची भोकं लांबट झालेली. मुलं पायऱ्या उतरल्यासारखी तोंड बाहेर करून उतरतात, शिडी प्रत्येक वेळी बाहेर ओढली जाते, स्क्रू मागेपुढे होतो, भोक अंडाकृती होतं. त्यात काडेपेटीच्या काड्या आणि गम घालून परत स्क्रू मारणं हा आपला पिढीजात उपाय आहे, कपाटाच्या बिजागरीला चालतो, शिडीला नाही चालत.

शिडीला आरपार बोल्ट घाला. वास्कोला शिडीची पट्टी २२ मिलिमीटर आणि बेडची फळी २८, मिळून ५०, दोन बाजूंचे वायसर धरून ५४, म्हणून एम ८ चा ६५ मिलिमीटर बोल्ट घेतला, नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, लावल्यावर दोन-तीन मिलिमीटर टोक बाहेर राहतं, त्यावर प्लास्टिकची टोपी. बोल्टचं गुळगुळीत गोल डोकं गादीच्या बाजूला ठेवा, नट बाहेर, नाहीतर चादर अडकून फाटते. इथे नायलॉक नट मुद्दाम, कारण शिडी रोज हिसके खाते आणि इथला नट खरंच फिरतो, नेलपॉलिशची रेघ इथे सरकलेली दिसेल. प्रत्येक उभ्या पट्टीला निदान एक, जागा असेल तर दोन.

मग शिडीचे पाय बघा. प्रत्येक पायाखाली कागद सरकवायचा प्रयत्न करा. एका पायाखालून कागद निघाला म्हणजे तो पाय तरंगतोय आणि मुलाचं वजन वरच्या बोल्टवर लोंबकळतंय. टाइल्स कुठेच सपाट नसतात, रबरी बूट घाला, पाय तरंगत असेल तिथे जाड. रबराचा दुसरा फायदा पावसात, तेव्हा टाइल ओलसर असते आणि नुसतं लाकूड घसरतं. झालं की मधल्या पायरीला धरून आधी स्वतःकडे आणि मग बाजूला जोरात ओढा, डोळे वरच्या बोल्टवर ठेवून. वर हालचाल दिसली नाही पाहिजे. पायरी स्वतः फिरत असेल, म्हणजे पाय ठेवला की पुढे-मागे गडगडते, तर ती फक्त टोकात स्क्रू मारून बसवलीय, लाकडाच्या टोकात स्क्रू धरत नाही. ती पायरी चांगल्या सुताराकडून खाच पाडून बसवून घ्या, तोपर्यंत वर झोपणं बंद.

कठड्याबद्दल. कठड्याची उंची जमिनीपासून किंवा फळीपासून बघायची नसते, गादीच्या वरच्या पृष्ठापासून बघायची. अमेरिकेतल्या बंक बेडच्या नियमात गादीच्या वर कमीत कमी ५ इंच, साधारण १३ सेंटिमीटर, कठडा हवा, आणि युरोपच्या ईएन ७४७ या स्टँडर्डमध्ये १६ सेंटिमीटर. भारतातही बंक बेडसाठी आयएस १७६३६ असं वेगळं स्टँडर्ड निघालंय. मी १६ च धरतो, मुलं झोपेत गोल फिरतात आणि अंगाखाली उशी पण असतेच.

तुमच्या बेडवर टेप लावा. गादी उचलून, फळ्यांच्या वरून कठड्याच्या वरच्या काठापर्यंत किती ते मोजा. समजा २८ सेंटिमीटर आलं. जुनी चार इंची काथ्याची गादी १० सेंटिमीटर, वर १८ उरत होतं, ठीक होतं. नवीन आठ इंची गादी म्हणजे २०, वर उरलं ८, म्हणजे कठडा असून नसल्यासारखा, कुशीवर वळलेल्या मुलाचा खांदाच त्याच्या वर जातो. २८ मधून १६ गेले की १२ उरतात, त्यामुळे त्या बेडला १२ सेंटिमीटरपेक्षा जाड गादी नको, वरचा टॉपर वगैरे धरून. बऱ्याच बेडवर खांबाच्या आत एक रेघ किंवा स्टिकर असतो, गादी त्याच्या वर यायला नको असं सांगणारा. सोपा उपाय जाड गादी खालच्या बंकवर टाकायची आणि पातळ वर.

कठड्यावर अजून एक पट्टी ठोकून उंची वाढवायचा मोह होईल. करायचीच तर ती खांबांना बोल्टने धरलेली हवी, जुन्या कठड्यावर स्क्रूने चिकटवलेली नको, आणि दोन पट्ट्यांमधली फट साडेसात सेंटिमीटरच्या वर नको. अमेरिकेच्या नियमात साडेतीन इंचापेक्षा कमी म्हटलंय. कारण असं की मूल आधी पायांनी सरकतं, धड फटीतून जातं आणि डोकं अडकतं. कठड्याची खालची कड आणि फळ्या यांच्यामधल्या फटीलाही तेच माप लावा. आणि भिंतीकडच्या बाजूला पण पूर्ण लांबीचा कठडा असू द्या, "भिंत आहेच की" म्हणून तो काढून ठेवलेला मी खूप घरी बघितलाय, बेड चार बोटं सरकला की भिंत आणि गादीच्या मध्ये मूल अडकू शकतं. चढायची मोकळी जागा ३० ते ४० सेंटिमीटर पुरे. सहा वर्षांखालच्याला वर झोपवूच नका, कठडा कितीही उंच असो.

जाता जाता, वर पंखा कुठे आहे? आपल्याकडे सीलिंग फॅनखाली बंक बेड लावलेले मी इतके पाहिलेत. मुलाला वरती बसवा, हात वर आणि बाजूला पूर्ण लांब करायला सांगा, पंखा बंद ठेवून अर्थात, आणि हात पात्यांच्या जवळ पण जायला नको. जात असेल तर बेड सरकवा किंवा त्या खोलीत भिंतीवरचा पंखा लावा.

लोखंडी बंक बेड असेल कोणाचा तर वरची आकसण्याची गोष्ट तिथे नाही, तिथे नट खरंच फिरतात, नायलॉक लावा. आणि समुद्राजवळ साधे चकचकीत बोल्ट एक-दोन पावसांत तांबडे होतात, स्टेनलेसचे घ्या, पण आट्याला थोडं ग्रीस लावून, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होऊन बसतं.

तुमच्या लाकडी बेडचं वेळापत्रक मी असं ठेवीन: आत्ता एकदा सगळं नीट, कागद आणि रेघेसकट. मग तीन आठवड्यांनी एकदा, कारण नव्या वायसरखालचं लाकूड थोडं बसतं. पुढच्या वर्षीपासून दिवाळी झाल्यावर एकदा आणि जानेवारीच्या शेवटाला एकदा, पाव फेरा ते अर्धा फेरा लागेल. मे महिन्यात फक्त बघायचं, आवळायचं नाही, पुढे लाकूड फुगणारच आहे. चवथीच्या दिवसांत बोल्ट हाताला जास्तच कडक लागतात, ते तसेच सोडा, तेव्हा फक्त शिडीचे नट आणि कठडा हलवून बघायचा. दर वेळी नेलपॉलिशचा रंग बदला म्हणजे कुठली रेघ कधीची ते कळतं. वास्कोच्या बेडवर आता गुलाबी, लाल आणि एक निळी अशा तीन रेघा आहेत, यंदा जानेवारीत कोपऱ्यांना पाव फेऱ्यात काम झालं आणि शिडीच्या नटांना हात लावावा लागला नाही.

एखाद्या कोपऱ्यात बोल्ट कडक लागतोय आणि कागद पण जातोय असं झालं तर खांबाची जाडी, बोल्टची लांबी आणि हिरीने मोजलेली भोकाची खोली अशी तीन मापं इथे लिहा, किती वायसर घालायचे ते सांगतो.